‘शोधमर्यादा’ की ‘डिटेक्शन लिमिट’?

एचपीएलसी, म्हणजे द्रव नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र; त्याच्या माहितीपत्रकात ‘शोधमर्यादा 0.03 पीपीएम’ असं शुद्ध मराठीत लिहिलं, की लॅबमधला माणूस ‘मर्यादा’ म्हणजे ओलांडायची नाही अशी वरची हद्द समजतो. खरं तर ती खालची हद्द आहे: आलेखावर पदार्थाचा उंचवटा, म्हणजे पीक, हा बेसलाइनच्या नॉइजच्या, म्हणजे पदार्थ नसतानाही रेषेत दिसणाऱ्या बारीक चढउतारांच्या साधारण तिप्पट असतो, तेव्हा पदार्थ ‘आहे’ एवढंच सांगता येतं. आकडा द्यायला पीक नॉइजच्या दहापट लागतो, इथे 0.1 पीपीएम. नमुन्यात 0.05 आला तर ‘आढळला, पण मोजण्याइतका नाही’ असंच लिहायचं.

म्हणून मी ‘डिटेक्शन लिमिट’ ठेवतो आणि पुढे ‘ओळखता येणारं किमान प्रमाण’ जोडतो. ओळ लांबते, पण चूक टळते.

घटक वेगळे करणाऱ्या नळीला ‘स्तंभ’ मात्र नकोच. तिच्या खोक्यावर ‘कॉलम’ असंच लिहिलेलं असतं. तिच्यातल्या भरणाच्या ‘5 मायक्रॉन’पुढे ‘कणांचा आकार’ हे मराठीतच बरं.