मॉकअपची भिंत आणि माझं दुकान

अमळनेरला माझं साड्यांचं छोटं दुकान आहे, नाव 'मृण्मयी'. दिवाळीआधी आत गल्ल्यामागच्या भिंतीवर नावाचा उजळणारा बोर्ड लावायचा होता. मोबाईलवर जाहिरात दिसली. त्या माणसाने व्हॉट्सॲपवर 'आमची कामं' म्हणून आठ फोटो टाकले. गडद राखाडी भिंत, अक्षरांमागून सोनेरी उजेड, शेजारी कुंडीतलं मोठ्या पानांचं झाड. मी लगेच हुरळलो. माझं नाव पाठवलं, तर दहा मिनिटांत माझंही नाव तसंच झळकत आलं. निळ्यात कसं दिसेल विचारलं, तर पाच मिनिटांत निळंही आलं. तीन फूट लांबीचे 14,500 ठरले. त्यातले 10,000 मी यूपीआयने पाठवले, बाकीचे पार्सल सुटताना.

पार्सल ट्रॅव्हल्सने आलं. पातळ ॲक्रेलिकची अक्षरं एका पारदर्शक पट्ट्यावर चिकटवलेली, मागे एलईडीची पट्टी, आणि खाली हातभर लोंबणारी वायर. भिंतीला लावून दिवा सुरू केला, तेव्हा शेजारचे अप्पा बघायला आले होते. म्हणाले, "हाई काय शे, भो?" अक्षरांच्या कडेने एलईडीचे ठिपके सुटे सुटे दिसत होते, 'मृ'च्या खालचा आकडा अंधारातच होता, आणि चार ट्यूबलाइट चालू केल्या की सोनेरी उजेड दिसेनासाच होई.

फोन केला तर उत्तर तयारच होतं: "साहेब, तो मॉकअप होता, सॅम्पल नव्हतं." बिलावर नुसतं 'एलईडी नेम बोर्ड, 3 फूट' लिहिलेलं. मग फोनच उचलेना.

माझा भाचा जळगावला डिझाइनचं काम करतो. त्याने आठही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवले. आठपैकी पाच फोटोंत भिंत तीच, झाड तेच, खाली उजवीकडे प्लगचा डबाही तोच, फक्त नावं वेगळी. मॉकअप म्हणजे अशी तयार फाईल असते, तिच्यातल्या एका लेअरमध्ये नाव टाकून सेव्ह केलं की चकाकी आपोआप त्या अक्षरांवर बसते. म्हणूनच पाच मिनिटांत निळा झाला. खऱ्या भिंतीवर निळा उजेड पडला असता, तर शेजारचं पानही थोडं निळं झालं असतं. माझ्या दोन्ही फोटोंत पान हिरवंच होतं. सोनेरी असो की निळा, पानावर फरक नाही. एवढं मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी नाव बघत होतो.

पण खरी गोम पुढे कळली. भाच्याने स्क्रीनवर फूटपट्टी ठेवली. नाव 20 सेंटिमीटर रुंद आणि अक्षराची सर्वात बारीक रेघ 1 मिलिमीटर, म्हणजे नावाच्या रुंदीचा दोनशेवा भाग. तीन फूट म्हणजे 914 मिलिमीटर, तेव्हा प्रत्यक्षात ती रेघ साडेचार मिलिमीटरची होणार. साधी एलईडी पट्टीच 8 ते 10 मिलिमीटर रुंद असते. साडेचारच्या रेघेमागे ती लपणार कशी? म्हणून ठिपके दिसले, आणि 'मृ'च्या आकड्यामागे तर त्या बोर्ड विकणाऱ्याने पट्टी लावलीच नव्हती. जाड-बारीक वळणाचा हा फॉन्ट या मापात मागून उजळणं जमणारच नव्हतं. निऑन फ्लेक्स, म्हणजे वाकवता येणारी उजळती नळी, तीही कामाची नव्हती, तिची जाडी सगळीकडे एकच असते. संगणकाला मात्र ही अडचण नाही, तो केसाएवढ्या रेघेलाही तेवढीच चकाकी देतो.

दुसरं म्हणजे अक्षर भिंतीपासून थोडं सुटं उभं असावं लागतं, म्हणजे उजेड पसरून भिंतीवर मऊ वलय पडतं. माझी अक्षरं जवळजवळ भिंतीला टेकली होती, त्यात माझी भिंत पांढऱ्या चकचकीत ऑइलपेंटची, आरशासारखी. प्रत्येक ठिपका तिच्यात परत दिसायचा. याचा दोष थोडा माझाही. भिंतीचा फोटो त्याने मागितला नाही, आणि मीही पाठवला नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. बिलात अक्षराची जाडी, भिंतीपासूनचं अंतर यातलं काहीच लिहिलेलं नसल्याने बोलायला जागा कमी राहते. मेमध्ये उकाड्याने पट्टीचा चिकट टेप सुटला आणि 'यी' तिरका लोंबू लागला, तेव्हा बोर्ड काढूनच टाकला. जळगावच्या एका बोर्डवाल्याने जाड, एकसारख्या रेघेचं अक्षर सुचवलं, भिंतीपासून इंचभर पुढे, आणि तेवढ्या भागाला गडद मॅट रंग. पैसे द्यायच्या आधी मी त्याला एकच गोष्ट मागितली: त्याच्याच एखाद्या लावलेल्या बोर्डाचा व्हिडिओ, दुकानातले दिवे चालू असताना, बटण दाबून बंद-चालू करताना, वायर कुठून जाते तेही दाखवत. त्याने संध्याकाळी पाठवला. वायर दिसत होती, एका कोपऱ्यात प्लास्टरही उडालेलं होतं.

परवा त्या पहिल्या माणसाचं स्टेटस बघितलं. तीच राखाडी भिंत, तोच प्लगचा डबा, नाव कुठल्याशा केकवाल्याचं. पान अजून हिरवंच आहे.