अक्ष खालच्या पाटीवर की मध्यावर?

नाशिकला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या भाचीने विचारले की, दोन स्थिर समांतर पाट्यांमधील स्तरीय प्रवाह सोडवताना y चे शून्य खालच्या पाटीवर घ्यावे की मध्यावर.

समीकरण दोन्हीकडे एकच आहे. स्थिर, पूर्ण विकसित प्रवाहात द्रवाच्या पातळ थराला त्वरण नसते, म्हणून दाबातील फरक कर्तन-ताणातील फरकाशी समतोल साधतो: `μ d²u/dy² = −G`, जिथे u म्हणजे प्रवाहाचा वेग, y पाट्यांना लंब मोजलेले अंतर, μ श्यानता आणि G म्हणजे दर मीटरला होणारी दाबाची घट. पाट्यांमधील अंतर H धरू.

श्रमाच्या दृष्टीने मध्य सरस ठरतो. सममितीमुळे y = 0 ला du/dy = 0, म्हणून पहिला स्थिरांक लगेच शून्य होतो आणि `u = (G/2μ)(H²/4 − y²)` मिळते. पाटीवरून मोजल्यास दोन्ही टोकांना u = 0 लावावे लागते व `u = (G/2μ) y(H − y)` येते. H = 2 मिमी, μ = 1 Pa·s आणि G = 60,000 Pa/m असता दोन्हींतून कमाल वेग 0.03 मी/से येतो, सरासरी 0.02.

खरा फरक वरची पाटी U वेगाने सरकू लागली की दिसतो. तेव्हा सममिती उरत नाही; तरीही मध्यावर du/dy = 0 लादले, तर स्थिर असलेल्या खालच्या पाटीवरही वेग U निघतो, आणि चूक तिथेच पकडता येते. पाटीवरच्या अक्षात मात्र फक्त `Uy/H` हे पद वाढते.

पाट्या स्थिर आणि द्रव सर्वत्र एकसारखा असेल तर मध्य घ्यावा. पाटी सरकणारी असेल किंवा तापमानामुळे श्यानता एका बाजूस कमी होत असेल, तर खालची पाटीच घ्यावी.