अभ्यासिकेचं वायफाय: मॅक फिल्टर लावावा की आयपीचे नियम?

लातूरला औसा रोडवर माझी ४० खुर्च्यांची अभ्यासिका आहे. पोरं नीटची तयारी करणारी, प्रत्येकाकडं फोन. काउंटरवर फीचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि एक प्रिंटर. हे तिन्ही पोरांपासून सुरक्षित राहावेत, फक्त प्रिंट काढता यावी, एवढीच माझी गरज. आधी वर्षभर मॅक फिल्टर वापरला, मग आयपीच्या नियमांवर आलो. तुमची जागा वेगळी असेल, म्हणून माझा अनुभव तेवढ्यापुरताच धरा.

मॅक फिल्टरचं आकर्षण समजण्यासारखं आहे. यादीत नाव असेल तर आत, नसेल तर बाहेर. पण आता फोन आपला खरा मॅक दाखवतच नाहीत. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट पत्ता तयार करतो. पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असलं की तो बहुतेक असाच असतो. कुणी फोन रिसेट केला, कुणी सेटिंग बदललं, की पत्ता नवा. मग सकाळी सातला काउंटरवर तेच: "सर, वायफाय लागंना." बारा अक्षरं वाचून घ्यायची, जुनी नोंद शोधून काढायची, नवी टाकायची. जून महिन्यात नवे प्रवेश सुरू झाले की माझा रोज अर्धा तास यातच जायचा.

तेही सोसलं असतं. पण दिवसभर सिनेमे उतरवणाऱ्या एका पोराचा पत्ता मी 'बंद' यादीत टाकला, तर तो दहा मिनिटांत परत जोडलेला. त्यानं फोनमधलं `Use randomized MAC` बदलून `Use device MAC` केलं होतं, एवढंच. 'फक्त यादीतले आत' ठेवलं तरी फार फरक पडत नाही. डब्ल्यूपीए२ मजकूर कुलूपबंद करतं, मॅक मात्र पाकिटावरच्या पत्त्यासारखा उघडाच हवेतून जातो. मी घरी माझ्याच लॅपटॉपला माझ्या फोनचा मॅक दिला, राऊटरनं निमूट आत घेतलं. दोन्ही एकदम चालू ठेवले की जोडणी अडखळते, तेवढीच काय ती खूण. म्हणजे खरी राखण पासवर्डच करत होता आणि यादीचा त्रास होत होता तो सरळ पोरांना.

दुसरी गोष्ट मला उशिरा लक्षात आली. मॅकची यादी फक्त दारावर 'हा आत येईल का' एवढंच विचारते. आत आलेला डीव्हीआरकडं जातोय की इंटरनेटकडं, हे तिला कळत नाही. आयपीचा नियम नेमकं तेच पाहतो. पण एक अट आहे: पोरं आणि काउंटर एकाच गटात असतील तर त्यांची आपसातली बोलणी राऊटरच्या फायरवॉलपर्यंत येतच नाहीत, नियम लिहूनही उपयोग नाही. म्हणून मी पोरांना वेगळं गेस्ट वायफाय दिलं, `192.168.20.x`, आणि काउंटर `192.168.1.x` वरच ठेवला. माझ्या राऊटरवर दोन ओळी:

```
iptables -A FORWARD -i br-guest -d 192.168.1.20 -p tcp --dport 631 -j ACCEPT
iptables -A FORWARD -i br-guest -d 192.168.1.0/24 -j DROP
```

पहिली प्रिंटरसाठी, दुसरी बाकी सगळ्या काउंटरसाठी. इथं पोराचा पत्ता लिहिलाच नाही, तो कुठल्या वायफायवरून आला आणि कुठं निघालाय तेवढंच पाहिलंय. त्यामुळं फोनमध्ये मॅक बदला, आयपी हातानं टाका, नियमाला फरक पडत नाही.

पहिल्या दिवशी मी ओळी उलट्या क्रमानं लिहिल्या आणि प्रिंट बंद पडली. `iptables -L FORWARD -v -n` दिल्यावर `DROP` पुढचा आकडा वाढताना दिसला, `ACCEPT` पुढं शून्य. नियम वरून खाली वाचले जातात. जो आधी लागू झाला, तिथंच निकाल. शिवाय प्रिंटर फोनमध्ये आपोआप सापडत नाही, कारण शोधाची हाक दुसऱ्या गटात पोचत नाही. पत्ता एकदा हातानं टाकावा लागतो. राऊटरचं स्वतःचं पानही वेगळं बंद करावं लागतं, ते `INPUT` मध्ये येतं. आणि तुमच्याकडं आयपीव्ही६ चालू असेल तर `ip6tables` मध्ये वेगळे नियम हवेत, या दोन ओळी त्याला लागू नाहीत.

मॅकचा माझ्याकडं एक उपयोग उरलाय. प्रिंटर आणि डीव्हीआर पत्ता बदलत नाहीत, म्हणून त्यांच्या मॅकवरून राऊटरमध्ये आयपी कायमचा बांधून ठेवलाय. `192.168.1.20` हलला तर वरचा नियमच चुकेल. घरी चार उपकरणं असतील तर फिल्टर ठेवायलाही हरकत नाही. पण रोज नवी माणसं येणारी जागा असेल तर मी तरी त्या यादीच्या वाटेला जाणार नाही.

एकट्या पोराला काढायचं असेल तर आयपीचा नियमही कामाचा नाही, हे खरंय. त्यासाठी गेस्टचा पासवर्ड मी दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो आणि फीच्या पावतीवर लिहून देतो.