'नॉट इंटरेस्टेड' बटण: छाटणी ते काढणी वापरून झाल्यावर

ऑक्टोबर छाटणीला वडिलांसाठी हॉलमधल्या टीव्हीवर व्हिडिओ अ‍ॅप चालू करून दिलं. दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे. पावसाळी हवेत डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा एक व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि तिथनंच पीडा सुरू झाली, होम उघडलं की मणी फुगवायची टॉनिकं, फवारणीचे 'जादुई' डोस, आणि प्रत्येकाच्या खाली बाटली विकायची लिंक. त्यातली एक बाटली वडील मागवणारच होते, मी लेबल वाचलं तर समुद्री शेवाळाचा अर्क, तोच घटक गावातल्या कृषी सेवा केंद्रात निम्म्या भावात!

मी रोज 'नॉट इंटरेस्टेड' दाबत बसलो. काही फरक नाही. माझा सगळा राग या एका बटणावरच आहे, कारण माणसाला वाटतं आपण सांगितलं म्हणजे ऐकलं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये यूट्यूबवर हेच तपासलं, २० हजारांवर लोकांसोबत. या बटणाने नको असलेल्या शिफारशी फक्त ११ टक्के कमी झाल्या, हिस्टरीतून व्हिडिओ काढल्यावर २९ आणि 'या चॅनलची शिफारस करू नका' दाबल्यावर ४३. ते वाचून मी बटण सोडलं आणि हिस्टरी उघडली.

आणि तिथे खरं कारण सापडलं. वडील टीव्हीसमोर झोपायचे आणि ऑटोप्ले रात्रभर टॉनिकवाल्यांचेच व्हिडिओ लावत राहायचा, ते सगळे 'पाहिले' म्हणून जमा. यूट्यूबच्या इंजिनिअरांनीच २०१६ च्या शोधनिबंधात लिहिलंय की आधी लाखो व्हिडिओंतनं काहीशे निवडायचे, मग माणूस कुठला किती वेळ बघेल त्या अंदाजाने क्रम लावायचा. मग रात्रभराच्या तासांपुढे माझं एक बटण काय टिकणार?

म्हणून मत बदललं, सिस्टिम बहिरी नाही, ती वेळ मोजते. ऑटोप्ले बंद केला, हिस्टरीतून त्या रात्री काढल्या, तीन-चार चॅनल ब्लॉक केले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या होमवर हवामान आणि छाटणीचं परत दिसायला लागलं.

शॉपिंग अ‍ॅपचं गणित वेगळं. अमेझॉनच्या लोकांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत अशी की तुमच्यासारखी माणसं शोधत बसायचं नाही, ही वस्तू घेणाऱ्यांनी सोबत दुसरी कुठली घेतली ते बघायचं. त्यामुळे एक टॉनिक नुसतं उघडून पाहिलं तरी त्याचे सगळे भाऊबंद मागे लागतात. आम्ही वापरतो त्या अ‍ॅपमध्ये पाहिलेल्या वस्तूंच्या यादीतून ते काढलं तेव्हा त्या रांगा गेल्या. 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या मात्र तशाच राहिल्या, ती जागा विक्रेत्याने पैसे भरून घेतलेली असते.

चॅनल ब्लॉकलाही मर्यादा आहे, तो फक्त त्या चॅनलला लागतो. परवा तोच विक्रेता, तीच बाटली, नव्या चॅनलच्या नावाने होमवर हजर. तोही ब्लॉक केला.