दुसऱ्या लग्नाचं जेवण: कार्यालय की घरची गच्ची?

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं आणि जवळच्या चाळीस-पंचेचाळीस माणसांना एक जेवण द्यायचं, एवढं दोघांचं ठरलं की राहतो तो जागेचा प्रश्न. सांगलीत त्याची दोन उत्तरं मिळतात: विश्रामबागेकडचं एखादं छोटं कार्यालय, नाहीतर घरची गच्ची. नृसिंहवाडीला किंवा औदुंबरला दर्शन घेऊन तिथंच जेवण करा, असंही कुणी सुचवतं. पण रविवारच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना नेण्या-आणण्यातच दिवस जातो, म्हणून तो विचार आम्ही फार ताणला नाही.

आम्ही गच्ची निवडली. कार्यालयाचा अनुभव आहे तो मामेभावाच्या साताऱ्यातल्या लग्नाचा, त्याचंही दुसरंच. आणि आमच्यासाठीही दोन-तीन कार्यालयं पाहून आलो होतोच.

कार्यालयाच्या बाजूनं बोलायचं तर सुख बरंच आहे. गाड्या लावायला जागा, पाणी, भांडी, हात धुवायची सोय, आणि जेवणं झाल्यावर घरी येऊन पाय पसरायचे. घरातल्या बायकांना पदर खोचावा लागत नाही, ही मोठी गोष्ट. मामेभावाचं जेवणही उत्तम होतं, अळूची भाजी तर अजून आठवते.

अडलं ते ताटांपाशी. आम्ही पाहिलेल्या प्रत्येक कार्यालयात कमीत कमी शंभर ताटांची अट होती. आमची यादी बेचाळीसची. पैसे जास्त जातात हे एक झालं, पण माझी अडचण ती नव्हती. मोकळी राहिलेली ताटं घरच्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. ‘पैसे देतोयसच, तर ऑफिसातल्यांना सांग की,’ असं काका म्हणाले. मग शेजारची आळी, मग बायकोच्या जुन्या कॉलनीतली मंडळी. मामेभावाकडे नेमकं हेच झालं होतं. शंभर माणसं म्हटल्यावर स्टेज आलं, त्यावर लाल मखमली कोच आला, फोटोग्राफर आला, पाकिटं घेऊन रांग लागली. फाटकावर थर्माकोलची अक्षरं, त्यात ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’सुद्धा. वर पन्नाशीचा, वधू सत्तेचाळीसची! तिची कॉलेजातली मुलगी स्टेजच्या पायरीशी उभी होती. फोटोग्राफर तिला एकदा ‘वर या’ म्हणायचा, एकदा ‘जरा बाजूला’. ती पोरगी शेवटी मठ्ठ्याच्या पिंपापाशी जाऊन वाढायला लागली. मी तेव्हाच मनात कार्यालयावर काट मारली होती बहुतेक. ताटांचा हिशेब निमित्ताला मिळाला.

सगळीकडे असंच असेल असं नाही. तुम्हाला पन्नास ताटांवर देणारा आणि स्टेज काढून ठेवणारा कुणी भेटला, तर माझा अर्धा आक्षेप संपतो.

घरी करायचं तर निमंत्रणाची बाजू जास्त सांभाळावी लागते, कारण तिथं यादी वाढली तर जागाच नाही. त्याआधी नोंदणीचं एक ध्यानात घ्या. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह नोंदणीच्या सरकारी कचेरीत लावली जाते. सांगलीसारख्या गावात ती कुणीतरी वाचतोच. म्हणून जवळच्यांना नोटिशीच्या आधी सांगून मोकळं व्हावं. आधीचा जोडीदार गेला असेल तर त्याच्या आईवडिलांकडे स्वतः जाऊन सांगावं, निरोप पाठवू नये, आणि ‘जेवायला याच’ असा आग्रहही धरू नये. मी गेलो तेव्हा सासऱ्यांनी चहा दिला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि जाताना म्हणाले, ‘आम्ही नंतर सवडीनं येऊ.’ ते आले, महिन्याभरानं.

नोंदणी आणि जेवण एकाच दिवशी ठेवू नये असं माझं मत. साक्षीदार तीन लागतात, त्यातला एखादा अडकतो, कधी साहेब रजेवर असतात, कधी सर्व्हर बंद. आचारी मात्र पहाटे येऊन चूल पेटवून बसलेला असतो. आम्ही नोंदणी आठवड्याच्या मधल्या दिवशी केली आणि जेवण पुढच्या रविवारी. त्यामुळे मजकुरात ‘होत आहे’ऐवजी ‘केला’ असं लिहिता आलं, आणि मुहूर्त, अक्षता, वरात हे सगळे प्रश्न आपोआप गळाले. आम्ही पाठवलेला मजकूर असा:

‘स.न.वि.वि.
आम्ही दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला आहे. त्यानिमित्त येत्या रविवारी दुपारी साडेबारा वाजता घरी जेवणाचा बेत आहे. आपल्या घरातील मोजकीच मंडळी असतील. आपण दोघांनी जरूर यावे. आहेर, भेटवस्तू काही आणू नये, ही मनापासून विनंती.
आपले,’

आणि खाली आमची दोघांची नावं, पुढेमागे काही न लावता. मुलांची नावं घालावीत का, हे मुलांना विचारावं. आमच्या लेकीनं घाला म्हटलं, मुलानं नको, म्हणून कुणाचंच घातलं नाही. ‘दुसरा’, ‘पुनर्विवाह’ हे शब्द कशाला हवेत? ज्यांना बोलावतोय त्यांना ते ठाऊकच असतं. ‘सहकुटुंब सहपरिवार’ मात्र आवर्जून टाळा. त्या दोन शब्दांनी बेचाळीसचे सत्तर होतात. ‘आपण दोघांनी’ किंवा ‘आपण तिघांनी’ असं प्रत्येकाला वेगळं लिहावं. व्हॉट्सॲपवर ते बदलायला काही लागत नाही, छापील पत्रिकेत जमत नाही. साठीच्या पुढच्यांना आधी फोन करून मगच मजकूर पाठवायचा. आहेर नको हेही फोनवरच सांगितलेलं बरं, नुसतं लिहिलेलं कुणी मनावर घेत नाही.

आता गच्चीचे तोटे, कारण ते आहेतच. आचाऱ्याबरोबर तीन वाढपी आणि भांडी घासणारी बाई आधीच ठरवली नाही, तर सगळं घरच्या बायकांवर येतं आणि मग घरी करण्यात अर्थ नाही. आम्ही श्रीखंड विकत आणलं, पाच किलो पुरून थोडं उरलं. मसालेभाताला चार किलो तांदूळ लागले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मठ्ठा, बस. पंगती दोन केल्या: पहिली म्हाताऱ्यांची आणि लहानांची, दुसरीत आम्ही दोघं बाकीच्यांबरोबर. एप्रिल-मेत दुपारी गच्चीवर बसवत नाही आणि जून ते सप्टेंबर पावसाचा भरवसा नाही, म्हणजे दिवाळीनंतरचे तीन-चार महिनेच खरे. जिना चढू न शकणाऱ्या दोन आत्यांची पानं खाली हॉलमध्ये मांडली, पण तिथं त्या एकट्या पडल्या हे खरं.

म्हणून यादी साठच्या वर जात असेल, किंवा घरात गुडघेदुखीवाली मंडळी जास्त असतील, तर कार्यालयच बघा. फक्त इसार देण्याआधी दोन गोष्टी मालकाकडून कागदावर घ्या: कमीत कमी ताटं किती, आणि फाटकावरच्या नावांच्या अक्षरांशिवाय चालेल का.