मिसळीचं दुकान चालतंय: दुसरी शाखा स्वतः काढायची की फ्रँचायझी द्यायची?

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर किंवा सातपूरला मिसळीचं एखादं दुकान चांगलं चालू लागलं, रविवारी बाहेर रांग दिसू लागली, की वर्षाच्या आत कोणीतरी येऊन विचारतं, "फ्रँचायझी देता का?" त्याच सुमारास घरातलं कोणीतरी म्हणतं, "देता कशाला? आपणच पाथर्डी फाट्याला दुसरं टाकू." दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझं काम छोट्या हॉटेलांचे हिशोब पाहण्याचं आहे. बहुतेक मालक हा निर्णय भांडवल किती लागेल एवढ्यावरच घेतात, असं मला दिसतं. भांडवल मोजावंच लागतं, पण कोणत्या रस्त्यात कोणती गोष्ट आपल्या हातातून जाते, हे त्याआधी पाहायला हवं.

समजा तुमचं मूळ दुकान रोज अडीचशे प्लेट विकतं, तिथे बारा माणसं कामाला आहेत आणि काळा मसाला तुम्ही घरीच करता. दुसऱ्या जागी सुरुवातीला रोज 180 प्लेट जातील आणि चहा-ताक धरून जीएसटी वगळता सरासरी बिल 110 रुपये होईल, असं धरू. महिन्याची विक्री सुमारे 5 लाख 94 हजार झाली. त्यातून माल 2 लाख 26 हजार, मॅनेजरसह पगार 1 लाख 65 हजार, भाडं 70 हजार, गॅस आणि वीज 40 हजार, किरकोळ 30 हजार वजा करा. उरतात 63 हजार. डिपॉझिट, भट्ट्या, भांडी, टेबलं, फर्निचर असा दुकान उभं करण्याचा खर्च 18 लाख धरला, तर भांडवल अडीच वर्षांच्या आत निघेल असं वाटतं.

स्वतःची शाखा: कायद्याने सगळं तुमचं

या हिशोबातून एक खर्च सुटलेला असतो. प्रॉव्हिडंट फंड वीस माणसं झाली की लागू होतो आणि त्यासाठी एका मालकाच्या सगळ्या शाखा मिळून माणसं मोजली जातात. मूळ दुकानात बारा आणि नव्यात दहा म्हणजे बावीस झाली. मग फंड नव्या दहांपुरता लागत नाही, जुन्या बारांनाही लागतो. दोन्हीकडचा पगार मिळून सव्वातीन लाख असेल, तर मालकाचा हिस्सा आणि प्रशासकीय आकार धरून महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास जातात. ते 63 हजार 23 हजारांवर येतात आणि अडीच वर्षांची सहा-साडेसहा वर्षं होतात. शाखा बायकोच्या नावावर काढली म्हणजे सुटका होईल असं अनेकांना वाटतं. पैसा, माल आणि देखरेख एकाच हातात असेल, तर दोन्ही दुकानं एकच आस्थापना धरली जाऊ शकतात. माझ्या मते हा खर्च धरूनच निर्णय घ्यावा, कारण तो टाळायला गेलं तर मागील थकबाकी व्याज आणि दंडासह अंगावर येते. तिसऱ्या शाखेवर जुन्या माणसांचा हा बोजा पुन्हा पडत नाही. सगळ्यांत महाग पडते ती दुसरी शाखा.

जीएसटीच्या बाबतीत मात्र स्वतःची शाखा सोपी. महाराष्ट्रात कितीही शाखा काढल्या तरी एकच नोंदणी चालते, नवी जागा फक्त तीत जोडायची. सुरतला गेलात तरच वेगळी लागते. अन्नपरवाना मात्र प्रत्येक जागेचा वेगळा.

आता ताब्याचं बघू. किंमत, आचारी, मसाला, दुकान बंद करण्याचा अधिकार, हे सगळं इथे तुमच्याकडे राहतं. हातातून जाते ती तुमची रोजची हजेरी. मूळ दुकानात रस्सा पातळ झाला तर तो तुम्हाला पातेल्याजवळ उभं राहिल्यावर कळतो. पाथर्डी फाट्याला तो कळायला ग्राहकाची तक्रार यावी लागते, आणि बहुतेक ग्राहक तक्रार करत नाहीत, यायचे थांबतात. गल्ल्याचंही तसंच. बिल न करता गेलेली प्लेट पकडायची तर पाव मोजावे लागतात. रोज किती लाद्या आल्या, किती उरल्या, प्लेटमागे किती पाव आणि जादा पाव किती बिलात आले, हा मेळ रात्रीच्या रात्री बसला पाहिजे. मटकी भिजल्यावर फुगते आणि रस्सा पाण्याने वाढतो, म्हणून त्यांवरून चोरी सापडत नाही. पाव वाढत नाही.

फ्रँचायझी: भांडवल त्याचं, नाव तुमचं

तीच जागा आणि त्याच 180 प्लेट ठेवून दुसरा रस्ता पाहू. 18 लाख समोरचा माणूस घालतो. तुम्ही एकदाच 4 लाख फी घेता, विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी ठेवता आणि मसाला स्वतः पुरवता. रॉयल्टीचे महिन्याला सुमारे साडेपस्तीस हजार येतात. प्लेटमागे 20 ग्रॅम मसाला धरला तर महिन्याला 108 किलो जातो. किलोमागे शंभर रुपये सुटले, तर आणखी दहा-अकरा हजार. एक रुपया न गुंतवता सेहेचाळीस हजार, म्हणजे फंड भरणाऱ्या स्वतःच्या शाखेच्या दुप्पट. इथेच बरेच मालक हिशोबाची वही मिटतात.

वही मिटू नका, तोच हिशोब घेणाऱ्याच्या बाजूने मांडा. तो स्वतः गल्ल्यावर बसतो, म्हणून मॅनेजरचे 25 हजार वाचतात. त्याचे दहाच कामगार, त्यामुळे फंडही नाही. म्हणजे 88 हजार झाले. त्यातून तुमची रॉयल्टी गेली. रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी आहे. रेस्टॉरंट 5 टक्क्यांच्या दराने कर भरतं आणि त्या दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून हा कर त्याच्या खिशातूनच जातो. तो साडेसहा हजारांच्या घरात आहे. मसाल्यातला तुमचा नफाही वजा करा. त्याच्या हातात राहतात सुमारे 35 हजार. दुकान आणि करासकट फी मिळून त्याने बावीस लाखांवर घातलेत, ते निघायला पाच वर्षांहून जास्त लागतील. शिवाय त्या पस्तीस हजारांत त्याची स्वतःची पूर्ण महिन्याची मजुरीही आली.

अशा माणसाकडे वर्षभरात दोनच वाटा उरतात: विक्री कमी दाखवायची, नाहीतर बाजारातून स्वस्त मसाला आणून तुमच्यात मिसळायचा. मला यात त्याची नियत वाईट दिसत नाही. 180 प्लेटच्या जागेवर हा करारच उभा राहत नाही. तीच जागा 240 प्लेट देत असेल, तर जादा माल, गॅस आणि एक पोऱ्या वजा जाऊनही त्याच्याकडे लाखाच्या वर उरतं आणि दोन वर्षांत पैसे निघतात. तेव्हा तो तुमचा मसाला आनंदाने घेईल. म्हणून जागा कोणी निवडायची, हा फ्रँचायझीतला पहिला प्रश्न आहे. येणारा माणूस बहुधा आपला किंवा नात्यातला रिकामा गाळा घेऊन येतो. अंबडच्या कारखान्यांतली सकाळची पाळी सुटताना त्या गाळ्यासमोरच्या रस्त्यावर किती माणसं थांबतात, हे तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

रस्सा तिथला आचारी करणार. ओलं वाटण टिकत नाही, त्यामुळे पुण्याला किंवा जळगावला कोरडा मसालाच जातो. किती किलोला किती पाणी, कांदा-खोबरं किती भाजायचं, तर्री कधी काढायची, हे कागदावर लिहून देता येतं, पण पातेल्याजवळ तुम्ही नसता. हातात राहते ती तुम्ही पाठवलेली पिशवी. म्हणून दर महिन्याला मसाल्याचे किलो आणि दाखवलेल्या प्लेट समोरासमोर ठेवा. प्लेट तेवढ्याच आणि मसाला 108 वरून 75 किलोवर आला, तर बाहेरचा मसाला शिरलाय. मसाला तेवढाच आणि प्लेट घटल्या, तर विक्री लपतेय. रस्सा हवा तितका देत असाल, तर दहा टक्के इकडेतिकडे होणारच, तेवढ्यावरून भांडू नका. काही मालक रॉयल्टी सोडून सगळा नफा मसाल्यातच ठेवतात. त्याने विक्रीवरचा वाद मिटतो, पण बाहेरच्या मसाल्याचा मोह वाढतो आणि तो पकडायला विक्रीचा आकडाही तुमच्या हाती राहत नाही. मी दोन्ही थोडं थोडं ठेवायला सांगतो.

सगळ्यांत मोठा ताबा करार संपल्यावर जातो. पाच वर्षांनी तो पाटी बदलतो आणि त्याच गाळ्यात, त्याच आचाऱ्याकडून मिसळ विकत राहतो. करारात "नंतर मिसळीचा धंदा करणार नाही" असं लिहून घेतलेलं असलं, तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 पुढे ते सहसा टिकत नाही. करार चालू असतानाचं बंधन टिकतं, संपल्यानंतरचं नाही. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, जे काही आहे ते तुमच्या करारात. हातात उरतात तीन गोष्टी. पहिली, नोंदणी केलेलं नाव. उपाहारगृहासाठी वर्ग 43 आणि मसाल्यासाठी वर्ग 30, दोन्ही पहिल्या सहीच्या आधी. गावाचं नाव आणि "मिसळ" एवढंच नाव असेल तर ते एकट्याचं म्हणून मिळणं कठीण, तेव्हा स्वतःचा शब्द शोधा. दुसरी, मसाल्यात काय किती पडतं ते प्रमाण, जे कागदावरही देऊ नये. तिसरी, जमल्यास गाळ्याचा लीव्ह अँड लायसन्स करार तुमच्या नावावर. यात भाड्याची जबाबदारीही तुमच्यावर येते, म्हणून ही फक्त हुकमी जागेसाठी.

हद्दही जपून द्या. "इंदिरानगर ते पाथर्डी फाटा" असं एकाला लिहून दिलं आणि त्याने दुकान रडतखडत चालवलं, तर तिथे तुम्ही स्वतःही जाऊ शकत नाही. हद्दीला महिन्याच्या किमान मसाला खरेदीची अट जोडा. सलग तीन महिने खरेदी कमी झाली तर हद्द सुटेल, असं लिहा.

मग कोणी काय करावं

नाशिकमध्ये, सिन्नर-ओझरपर्यंत, जिथे सकाळी टेम्पोने तयार वाटण आणि मोड आलेली मटकी पोहोचते, तिथे मी स्वतःच्या शाखेच्या बाजूने आहे, अट एवढीच की दुसरीनंतर तिसरी काढायची तयारी असावी. एकच दुसरी काढून थांबायचं असेल, तर फंडाचा बोजा पाहता मूळ दुकानातच संध्याकाळची पाळी सुरू करणं बरं. पुणे, धुळे, संभाजीनगरसाठी फ्रँचायझी ठीक. पण त्याआधी तुमची एक तरी शाखा वर्षभर तुम्ही गल्ल्यावर न बसता चाललेली हवी, तिचा पावाचा मेळ लागलेला हवा आणि मसाला-प्लेटचं प्रमाण कागदावर असावं. ते प्रमाण हातात नसेल, तर फ्रँचायझीवाल्याने पाठवलेला आकडा खरा की खोटा, हे तपासायला तुमच्याकडे काहीच नसतं.

मसाला बाहेर पाठवायला लागलात की तुम्ही उत्पादक ठरता. त्यासाठी उत्पादनाचा वेगळा अन्नपरवाना आणि पिशवीवर नियमाप्रमाणे लेबल लागतं. पहिल्या फ्रँचायझीची फी खात्यात येण्याआधी हे काम उरकून घ्या.