मल्टिपर्पज की पेरॉक्साइड: संध्याकाळी पाचची चुरचुर

भाचीने महिनाभर चालणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. दुकानदाराने त्या धुवायला-भिजवायला मल्टिपर्पज सोल्यूशनची बाटली दिली, पण माझ्याकडची पेरॉक्साइडची उभी डबी तिने पाहिली होती. "मामा, तू ते बुडबुड्यांचं का वापरतोस?"

मल्टिपर्पजला नावं ठेवायला मला जड जातं. चार वर्षं त्यानेच सांभाळलं. कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिळतं, धुवायला आणि भिजवायला एकच बाटली पुरते, आणि चुकून थेंब डोळ्यात गेला तरी काही बिघडत नाही. दोन गोष्टी मात्र सोडायच्या नाहीत. लेन्स तळहातावर ठेवून बोटाने घासायची, मग बाटलीवर "नो रब" का लिहिलेलं असेना. आणि डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून रोज नवं भरायचं. जुन्यात थोडी भर घालण्याची काटकसर मीही करायचो. जुन्यातला जंतुनाशकाचा जोर ओसरलेला असतो आणि नव्याची भर त्यात पातळ होऊन जाते, हे नंतर कळलं.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी होतं. सकाळी लेन्स घातल्याचं जाणवायचं नाही, पण संध्याकाळी पाचच्या सुमारास पापणीखाली बारीक रेती गेल्यासारखं चुरचुरायचं. आधी एसीला दोष दिला, मग स्क्रीनला, मग लेन्सला. शेवटी लेन्स त्याच ठेवल्या आणि महिनाभर फक्त सोल्यूशन बदललं. चुरचुर गेली. उरलेली जुनी बाटली संपवायला घेतली, तर चौथ्या दिवशी ती परत आली. एका माणसाच्या डोळ्यांवरून नियम काढू नये, हे मान्य. पण मल्टिपर्पजमधलं जंतुनाशक लेन्समध्ये थोडं मुरतं आणि दिवसभरात डोळ्यात उतरतं. काही लेन्स आणि काही सोल्यूशनची जोडी त्यामुळेच जमत नाही. अशा वेळी दुसरं मल्टिपर्पजही कदाचित चालून जाईल. मी तेवढा धीर धरला नाही.

पेरॉक्साइडमध्ये मुरायला काही उरतच नाही. 3 टक्क्यांचं द्रावण त्याच्याच डबीत भरायचं. तळाशी प्लॅटिनमचा लेप दिलेली चकती असते, तिला लागून बुडबुडे सुटतात आणि सहा तासांत पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. डबी उभीच ठेवावी लागते, कारण वायू बाहेर पडायला झाकणाला छिद्र असतं. बॅगेत आडवी झाली की कपडे ओले. रात्रीच्या बसने पहाटे उतरून लगेच लेन्स घालायच्या असतील, तर हे सहा तास फार नडतात. चकती झिजते, म्हणून नव्या बाटलीसोबत आलेली नवी डबीच वापरायची. द्रावण शांत झाल्यावर त्यात जंतूंना अडवणारं काही राहत नाही, त्यामुळे लेन्स बरेच दिवस तशाच पडून असतील तर घालण्याआधी नव्याने भिजवायच्या. औषधाच्या दुकानातलं जखमेचं पेरॉक्साइड यासाठी मुळीच नाही.

आणि एकदा घाईत मी बाटलीतलंच द्रावण लेन्सवर मारून ती डोळ्यात घातली. अशी आग की तोंडातून आवाजच फुटेना. लेन्स ओढून काढली आणि नळाखाली डोळा धुतला. तो धुतला ते बरोबरच केलं, लेन्स धुतली असती तर चुकलं असतं.

भाचीने इथेच अडवलं. "शेवटी पाणीच उरतं म्हणतोस, मग नळाचं काय वाईट?" डबीत उरतं ते निर्जंतुक आणि अश्रूंइतकं खारट. नळाचं पाणी यातलं काहीच नाही. त्यात मऊ लेन्स फुगते आणि बुबुळाला चिकटून बसते. शिवाय गच्चीवरच्या टाकीत अकँथामिबा नावाचा सूक्ष्म एकपेशीय जीव असू शकतो. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला त्याची कवचातली अवस्था दाद देत नाही. ते पाणी पिऊन काही होत नाही, पण लेन्सला चिकटून तो बुबुळावर पोहोचला तर उजेड सहन होत नाही, आणि डोळा दिसायला थोडासाच लाल असताना दुखणं मात्र भयंकर असतं. सुरुवातीला पुष्कळदा त्याला हर्पीसच्या विषाणूचा संसर्ग समजलं जातं, आणि नेमकं निदान झाल्यावरही थेंब महिनोन्‌महिने घालावे लागतात. म्हणून आरओचं किंवा उकळून गार केलेलंही पाणी नको. डबीदेखील सोल्यूशननेच धुवायची आणि उलटी ठेवून वाळवायची. लेन्स घालून आंघोळ नाही. हात साबणाने धुतल्यावर कोरडे पुसायचे, कारण ओलं बोट म्हणजे नळाचं पाणीच.

या कवचावर पेरॉक्साइड जास्त चालतं असं मानतात, पण चकतीच्या डबीत त्याचा जोर लवकर उतरतो. तेव्हा त्याच्या भरवशावर पाण्याची सूट घेऊ नये.

भाची शनिवार-रविवार प्रवासात असते. पाच वाजता डोळे चुरचुरत नसतील तर तिने मल्टिपर्पजच चालू ठेवावं, असं मी म्हटलं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "ती उभी डबी कुठून मागवतोस?"